शोधल्यावर सापडणारं नाव

वहिनी जिना चढून आली ती धापा टाकतच. खुर्चीत बसायच्या आधी म्हणाली, "मिरचे, माझं इंटरनेटवरचं पान गायब झालंय."

मिरची म्हणजे मी. घरात हे नाव मला माझ्या जिभेमुळे पडलं आणि मी ते कधी बदलायला लावलं नाही. लोकांच्या वेबसाइट बनवून देणं हा माझा धंदा. छपाईच्या दुकानावर एक खोली, दोन टेबलं, एक कुरकुरणारा पंखा, एवढं माझं साम्राज्य. आणि वहिनी म्हणजे माझ्या सख्ख्या दादाची बायको, म्हणजे होती. घटस्फोट होऊन वर्ष झालं, पण तोंडात बसलेली हाक काही कोर्टात जाऊन मोडता येत नाही.

ती स्पीच थेरपिस्ट आहे. अडखळत बोलणाऱ्या मुलांवर तिनं केलेलं काम, तिचे लेख, तिची भाषणं, सगळं आमच्या आडनावानं आहे. आज संध्याकाळी तिला एका मोठ्या पुनर्वसन केंद्राच्या संचालकबाईंचा फोन यायचा होता. मुलांचा विभाग तिच्या हाती द्यायचा की नाही, ते ठरणार होतं. बाई सकाळी म्हणाल्या होत्या, "अर्ज वाचला. आता जरा इंटरनेटवर तुमचं काम शोधून बघते, मग बोलू."

"गायब कसं होईल?" मी म्हटलं आणि तिचं नाव शोधलं. पहिलाच निकाल तिचा. नाव, पुढे तिचं काम, त्याखाली ओळख. अगदी ठाकठीक. मी त्यावर टिचकी मारली आणि समोर आलं: हे पान अस्तित्वात नाही.

मी पुन्हा टिचकी मारली. पुन्हा तेच.

"वहिनी, तू काय केलंस?"

ती पर्सची चेन उघडझाक करत म्हणाली, "काल तुझ्या दादाचा मेसेज आला. त्याचं कुठेतरी जमतंय. मुलीकडच्यांनी आपलं आडनाव शोधलं तर सगळ्यात वर मीच येते म्हणे. लिहिलं होतं, 'नातं संपलं, आता आडनाव तरी सोड.' माझं डोकं फिरलं. सकाळी उठून प्रोफाइलवर माहेरचं नाव टाकलं, पानाचा वेबपत्ताही बदलला. म्हटलं घे तुझं आडनाव, लोणचं घाल त्याचं."

मला हसूही आलं आणि रडूही. दादाचाच राग आला. पण आधी काम.

नोकरी-धंद्याच्या साइटवरच्या तिच्या प्रोफाइलचा हा पत्ता मीच बसवून दिला होता, फार वर्षांपूर्वी. तोवर तिथं साइटनं दिलेलं आकड्यांचं शेपूट होतं, ते कुणाला सांगता येईना की लक्षात राहीना. मी ते काढून तिचं नाव-आडनाव टाकलं आणि तिला दटावलं होतं, "लेखात हेच नाव, दवाखान्याच्या साइटवर हेच, भाषणाच्या पत्रिकेतही हेच. कुठे आद्याक्षर, कुठे लाडाचं नाव असलं काही चालायचं नाही." तिनं ते पाळलं. दवाखान्याच्या साइटवरून, लेखांखालून, सगळीकडून त्याच पत्त्याकडे दुवे येत गेले. सर्च इंजिनला पटलं की ही सगळी एकच बाई आहे, आणि ती वर चढत गेली.

आता ते सगळे दुवे एका बंद दारावर जाऊन आपटत होते.

"नव्या नावानं शोधून बघ ना," वहिनी म्हणाली. मी शोधलं. घरं विकणारी एक बाई, बुद्धिबळ खेळणारी एक शाळकरी मुलगी, कुणाच्या तरी लग्नाचे फोटो. वहिनीचा पत्ताच नाही.

"सर्च इंजिनला नवं पान दिसायलाच काही दिवस लागतात, कधी आठवडे," मी म्हटलं. "वर यायला तर त्याहून जास्त. आणि बाईंच्या हातात अर्ज आहे तो जुन्या नावाचा. त्या तेच टाइप करणार."

"मग?"

"जुना पत्ता परत घ्यायचा. वरचा निकाल अजून त्याच पत्त्याकडे बोट दाखवतोय. पत्ता परत आला की तिथलं पान लगेच उघडेल. ही साइट सोडलेला पत्ता काही महिने दुसऱ्या कुणाला देत नाही. पण नावही लेखांवर आहे तेच टाकावं लागेल."

"म्हणजे त्याचं आडनाव मी पुन्हा लावू?" ती फणकारली. "भीक मागितल्यासारखं?"

मी काही बोलणार एवढ्यात दारात दादा. खाली छपाईच्या दुकानात आला असणार, वहिनीची स्कूटर दिसली असणार.

"बरं झालं, इथेच भेटलीस," तो तिला म्हणाला. "पान काढलंस ते बघितलं. आता ते लेखांवरचंही बदलून घे. मिरचे, तुला येतं ना ते? करून टाक."

"दादा, तू जा," मी म्हटलं.

"मी काय वाईट बोललो? आडनाव आमचं आहे."

वहिनी उठून उभी राहिली. मला वाटलं निघाली. ती गेली असती तर ते काम गेलं असतं, आणि ते माझ्या भावामुळे गेलं असतं. पण ती माझ्या टेबलाजवळ आली आणि दादाकडे बघत म्हणाली, "तुझं आडनाव टाइप केल्यावर तू का येत नाहीस रे वर?"

दादानं खिशातला फोन काढून उगाच त्यावर बोट फिरवलं.

"मी येते, कारण त्या नावानं मी काम केलंय. तू दिलंस ते नुसतं आडनाव होतं. पुढचं सगळं मी जमवलंय." मग माझ्याकडे वळून, "सरक, मिरचे. मीच करते."

तिनं माउस हातात घेतला. आधी नाव बदललं. मग पत्त्याच्या चौकटीत जुनी अक्षरं टाकली आणि जतन करायचं बटण दाबलं. चकती फिरू लागली. असे बदल ठराविक वेळाच करता येतात, तिची मर्यादा संपली असली तर? मी चकतीवर डोळे लावून बसले. दादासुद्धा दारातून हलला नाही.

पत्ता जतन झाला.

मी लॉग इन न केलेल्या खिडकीत तिचं नाव शोधलं. पहिला निकाल. टिचकी मारली. पान उघडलं. वहिनीचा फोटो, तिची मुलं, म्हणजे ती बोलायला शिकवते ती, आणि खाली सगळे लेख. मी टेबलावर हात आपटून ओरडले. दादा कधी जिना उतरून गेला ते कळलंच नाही. तो माझा भाऊ आहे, तो रागावला असणार याचं मला दुःख होतं. पण त्याच्यामागे धावावंसं वाटलं नाही.

संध्याकाळी फोन वाजला तेव्हा आम्ही दोघी गार झालेला चहा पीत होतो. वहिनीनं तो स्पीकरवर टाकला.

"दुपारी शोधलं तेव्हा तुमचं पान उघडेना," संचालकबाई म्हणाल्या. मी कप खाली ठेवला. "म्हटलं, अर्जातलं खरं की खोटं कोण जाणे. आत्ता पुन्हा बघितलं, तर सगळं समोर. लेख तर मी वाचतच बसले. पहिल्या तारखेपासून येताय ना?"

"येते," वहिनी म्हणाली.

"एकच विचारायचं होतं. तुमची कागदपत्रं बघितली, त्यात घटस्फोटाचा कागद आहे. तुमच्या खोलीच्या दारावर पाटी लावायची आहे. कुठलं नाव घालू?"

वहिनीनं डोळे पुसले. "शोधल्यावर जे सापडतं ना, तेच घाला," ती म्हणाली. "ते माझं आहे."