ऐंशी शब्दांतले सर

सरांनी पाठवलेला स्वतःचा परिचय दीड पानाचा होता. वेबिनारवाल्यांनी मागितला होता ऐंशी शब्दांच्या आतला, तोही तृतीय पुरुषात, म्हणजे सूत्रसंचालिकेला जसाच्या तसा वाचता येईल असा. सरांनी तो त्यांच्याच विभागातल्या स्पीच थेरपिस्ट बाईंकडे ढकलला. "तुमचाही लिहा. दोन ओळी पुरे."

बाई कात्री घेऊन बसल्या. शाळेतली बक्षिसं गेली. 'ख्यातनाम', 'द्रष्टे', 'रुग्णांचे दैवत' गेलं. दैवत! स्वतःच स्वतःला 'ते' म्हणायची सोय मिळाली की माणूस किती निर्लज्ज होतो, बाईंना अक्षरशः शिसारी आली. उरलं ते नाव, हुद्दा, आणि आजच्या विषयाशी संबंध. तिथे सरांचं वाक्य होतं: 'गिळण्याच्या ओपीडीचे संस्थापक.'

बाईंचं डोकंच फिरलं. पक्षाघातानंतर ज्यांना पाणीसुद्धा गिळता येत नाही, अशांची ही ओपीडी बाईंनी सुरू केली होती, सामानाच्या खोलीतले पलंग हलवून. सर तर विभागात आले गेल्या वर्षी. बाईंनी 'संस्थापक' खोडून 'विभागप्रमुख' केलं. स्वतःच्या परिचयात लिहिलं: 'ही ओपीडी त्यांनी सुरू केली आणि त्याच चालवतात.' दोन्ही परिचय आयोजक मुलीला पाठवून दिले, सरांनाही एक प्रत.

दुसऱ्या दिवशी मुलीचा फोन. "मॅडम, सरांनी दोन्ही बदलून पाठवलेत. त्यांच्यात 'संस्थापक' आहे, तुमच्यात 'सरांच्या मार्गदर्शनाखाली'."

"आणि तुम्ही लावलं?"

"वेबिनारचं पान लाइव्ह झालंय. ते प्रमुख आहेत ना, मी कशी नाही म्हणू?"

बाई सरांच्या केबिनमध्ये गेल्या. सर हसले. "अहो, एवढं काय मनाला लावून घेता? परिचय कोण वाचतो?"

"मग बदललात कशाला?"

सरांनी फोन उचलून कानाला लावला. तो वाजलाही नव्हता.

घरी लेक म्हणाली, "आई, सोड ना. नाहीतर जाऊच नकोस."

"मी नाही गेले तर माझा अर्धा तासही तोच खाईल."

वेबिनारच्या दिवशी सूत्रसंचालिकेने सरांचे ऐंशी शब्द ठसक्यात वाचले, मग बाईंचे. बाईंनी माइक सुरू केला.

"आधी एक दुरुस्ती. ही ओपीडी मी सुरू केली. मार्गदर्शन कुणाचं नव्हतं. आता पहिला रुग्ण बघू."

लगेच चॅटमध्ये सरांची ओळ उमटली: 'शाब्बास! माझ्या विद्यार्थिनीचा मला अभिमान वाटतो.'

खाली लाल बदामांच्या इमोजींची रांग लागली. सरांहून नऊ वर्षांनी मोठ्या असलेल्या बाईंनी तोंडात आलेली कडू लाळ गिळली आणि स्लाइड पुढे सरकवली.