शुद्धिपत्रातलं तिसरं नाव

‘महेमूद, एस. आय.’ हे नाव शोधनिबंधांच्या डेटाबेसात बघून इरमचं डोकंच फिरलं. महेमूद म्हणजे तिचे अब्बा! त्यांनी मस्तगडात उभा जन्म सायकली दुरुस्त केल्या, बोंडअळीवर पेपर कधी लिहिला? पेपर इरमचा होता. घनसावंगीच्या कपाशीत चार हंगाम उन्हातान्हात अळ्या मोजून तिनं तो लिहिला होता.

घोळ घातला होता विभागप्रमुख रामराव सरांनी, तिच्या जुन्या मार्गदर्शकांनी. जर्नलचा फॉर्म भरताना त्यांनी हजेरीपटावर असतं तसं आडनाव आधी, मंग नाव, शेवटी बापाचं नाव टाकलं. जर्नलनं शेवटचा शब्द आडनाव म्हणून धरला. झालं! शेख इरम महेमूदची झाली महेमूदबाई. दोन महिन्यांनी सहयोगी प्राध्यापकपदाची मुलाखत होती, अन् नेमका हाच एक पेपर तिला कमी पडत होता. समिती डेटाबेसात नाव शोधणार, सापडलं न्हाई तर पुढं सरकणार.

“डेटाबेसवाले छापलंय तेच धरतात,” कॉलेजच्या ग्रंथपाल बेबीनंदाताई म्हणाल्या. “आधी जर्नलकडून शुद्धिपत्र काढून घे. मंग त्याची लिंक लावून नोंद दुरुस्त करा म्हणून अर्ज मी टाकते. पण जर्नलला पत्र सरांचं लागंल. दुसरे लेखक तेच, अन् पत्रव्यवहारही त्यांच्याच नावानं आहे.”

इरम सरांच्या केबिनमध्ये गेली. सर पान लावत होते.

“करू की! एवढ्याशा गोष्टीला कशाला घाबरून राह्यली?” सर म्हणाले. “फक्त एक आहे. आपल्या आर्यनचं नाव राहून गेलंय बघ. एकाच शुद्धिपत्रात दोन्ही कामं उरकून टाकू.”

आर्यन म्हणजे सरांचे चिरंजीव. त्यांना परदेशात शिकायला जायचं होतं.

“सर, आर्यननं कपाशीचं वावर तरी पाह्यलंय का?”

“मॅडम, तुम्ही आता मोठ्या झाल्या. वावर बघितल्यानं कुणी लेखक होतं का?”

“न्हाई बघितल्यानं तर बिलकुल होत न्हाई. अन् लेखक वाढवायचा तर सगळ्यांची संमती लागती. मी देणार न्हाई.”

“नको देऊ,” सर हसले, अन् पान तोंडात टाकलं. त्या हसण्याचा अर्थ तिला तेव्हा लागला न्हाई.

पाच आठवड्यांनी शुद्धिपत्र निघालं. पहिल्या लेखिकेचं आडनाव शेख असं वाचावं. तिसरे लेखक म्हणून आर्यन यांचं नाव अनवधानानं राहून गेलं होतं, ते समाविष्ट करण्यात येत आहे. या बदलांना सर्व लेखकांची संमती आहे.

सर्व लेखकांची! इरमनं तडक जर्नलला विचारलं, माझी संमती कुठून आली? दोन आठवड्यांनी त्यांनी तिची ‘संमती’ पाठवून दिली. तिच्या नावाच्या एका ईमेलवरून आली होती. तो पत्ता तिनं जन्मात उघडला नव्हता. मंग तिला आठवलं. सर आपल्या सगळ्या विद्यार्थ्यांची ईमेल खाती स्वतःच काढायचे. पोरांना कशाला तरास, म्हणायचे. पासवर्ड त्यांच्याच मोबाइलात. विभागात हे सगळ्यांना ठाऊक होतं, अन् सगळ्यांना ते सोयीचं वाटत होतं. जर्नल तिला विचारत होतं, अन् तिच्या नावानं हा माणूस ‘हो’ म्हणत होता! शी! चार वर्षं याच्याच पाया पडून पेपरचे मसुदे दाखवले, याची तिला किळस आली. थुंकावंसं वाटलं.

“तुझी नोंद तर दुरुस्त झाली,” बेबीनंदाताई हळूच म्हणाल्या. पडद्यावर स्वच्छ ‘शेख, आय. एम.’ दिसत होतं. “मुलाखत आठ दिवसांवर आहे. तेवढी होऊ दे, मंग कर तक्रार.”

दारातून जाताजाता सर डोकावले. “काय मॅडम, झालं ना बराबर काम? पेढे कधी?”

ते गेल्यावर इरमनं कॉलेजच्या ईमेलवरून संपादकांना लिहिलं: तो पत्ता माझा न्हाई, संमती माझी न्हाई, आर्यन यांनी या कामात काडीचाही हात लावलेला न्हाई. सोबत ओळखपत्र जोडलं, चारही हंगामांच्या नोंदवह्यांचे फोटो जोडले.

तीन दिवसांनी उत्तर आलं. चौकशी सुरू झाली आहे, निकाल लागेपर्यंत पेपरवर शंकेची सूचना राहील. बेबीनंदाताईंनी डेटाबेस उघडला. तिच्या नीट झालेल्या नावाच्या खालीच ती सूचना लटकत होती.

“आता समिती हा पेपर धरणार न्हाई, बाई,” त्या म्हणाल्या. “अन् एका पेपरानं कमी पडशील तू.”

“पडू द्या,” इरम म्हणाली. “त्या माणसाच्या ‘हो’वर मला बढती नको.”

मुलाखतीच्या फाइलमधली यादी तिनं पुढं ओढली, अन् आपला पेपर आपल्याच हातानं खोडला.