वलांडीवरच्या पट्ट्या

बोंबील वाळला की नाही, हे जमना डोळे मिटूनही सांगू शकत असे. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून त्यांची जोडी वलांडीच्या, म्हणजे मासळी वाळवायच्या मांडवाच्या, दोरीवर टाकायची, समुद्राकडचा वारा घ्यायचा, आणि तिसऱ्या दिवशी पोटाजवळ बोट लावून बघायचं. बोटाला गारवा लागला तर अजून एक ऊन. मुरबे गावातल्या तिच्या आळीतल्या बाया पाटी भरण्याआधी जमनाला हाक मारत. मागच्या वर्षी नव्याने लग्न होऊन आलेल्या सुनेने, हंसाने, घाईघाईत अर्धवट वाळलेले बोंबील पाटीत दाबून भरले, तेव्हा जमनाने सगळ्या आळीला ऐकू जाईल असं तिला सुनावलं होतं, "वरून वाळला म्हंजे वाळला नाय होत. पोटात ओल ऱ्हायली तर आख्खी पाटी जाते."

अशा या जमनाने स्वतःच्या नातीला दीड महिन्यात एकदाही मांडीवर घेतलं नव्हतं.

बाळंतपण माहेरी, एडवणला झालं. हंसा पोर घेऊन घरी आली त्या सकाळी ओटीवर पाट मांडला, तेल कोमट केलं, पाणी तापवलं. बाळाला पाय पसरून पायांवर घ्यायचं, तेल लावायचं, न्हाऊ घालायचं, हा आजीचा मान. हंसा पोरीला घेऊन उभी राहिली. जमना म्हणाली, "माजी कंबर धरलीय गो. नलूला बोलवते." आणि शेजारच्या नलूला बोलावून ती स्वतः मासळीची पाटी घेऊन बोईसरच्या बाजाराला निघून गेली. एस.टी.त खिडकीला टेकून ती रडली. शेजारच्या बाईने विचारलं तर म्हणाली, डोळ्यात वारा गेला.

कंबर अगदी ठणठणीत होती. दुखणं होतं ते छातीच्या खाली आणि जांघेत, जिथे अंगाला अंग चिकटतं.

जमना अंगाने भरलेली, आणि बावन्नाव्या वर्षी तर फारच. बंदरावर होडी लागली की कमरेएवढ्या पाण्यात जायचं, ओलं लुगडं तसंच काष्ट्यात घट्ट खोचून पाटी डोक्यावर घ्यायची आणि दुपारपर्यंत बाजारात बसायचं. तीस वर्षं असंच चाललं होतं. दोन पावसाळ्यांपूर्वी छातीखाली खाज सुटली. मग चामडी लाल झाली, ओलसर झाली, घडीत पांढरट साका दिसू लागला, आणि एक आंबूस वास येऊ लागला. मासळीच्या वासाची जमनाला कधी लाज वाटली नव्हती. तो धंद्याचा वास, त्याने घर उभं केलं. हा वास तिचा स्वतःचा होता, आणि त्याची तिला इतकी लाज वाटे की नवरा, दामू, होडीवरून आला की ती अंथरूण ओटीवर टाकायची आणि आत उकडतं म्हणायची.

औषधाच्या दुकानात गेली तर काउंटरवर दुकानदार नामदेवशेटचा मुलगा. त्याला जागा कशी सांगणार? "खाजंवर काय तरी दे," एवढंच बोलली. त्याने एक ट्यूब दिली. आठवडाभर स्वर्ग वाटला, आणि मग लाली पोटापर्यंत पसरली. शेवटी एका बाजारच्या दिवशी, पाटी दुसऱ्या बाईवर सोपवून, ती बोईसर स्टेशनजवळ बसणाऱ्या डॉक्टर विजयाबाईंकडे गेली. बाईमाणूस म्हणून गेली, नाहीतर मेली असती तरी गेली नसती.

विजयाबाईंनी चोळी सोडायला सांगितली. जमनाने भिंतीकडे तोंड केलं. बाईंनी शांतपणे घडी उचलून पाहिली. लाल पट्टा, आणि त्याच्या कडेबाहेर मोहरीएवढ्या फोडांचे सुटे ठिपके. मग लघवी मागितली. निळ्या औषधात ती घालून नळी दिव्यावर धरली, आणि निळ्याचं हिरवं, हिरव्याचं विटकरी झालं.

"जमनाबाई, तुम्हाला साखरेचा आजार आहे," त्या म्हणाल्या. "आणि ही बुरशी आहे. ही आपल्या सगळ्यांच्या अंगावर थोडीफार असतेच. ओल, ऊब आणि साखर मिळाली की माजते. दुकानातल्या ट्यूबने खाज दबली आणि बुरशीला मोकळं रान मिळालं."

मलम दिलं, गोळ्या दिल्या, आणि चार गोष्टी बजावल्या. आंघोळीनंतर घडी टिपून कोरडी करायची, घासायची नाही. थोडा वेळ वारा लागू द्यायचा. मलम पातळ लावायचं, दिवसातून दोनदा, आणि बरं दिसायला लागलं तरी पुढे दोन आठवडे. घडीत जुन्या सुती कापडाची कोरडी पट्टी ठेवायची, ओली झाली की बदलायची. पट्ट्या धुऊन उन्हात कडक वाळवायच्या. ओलं लुगडं अंगावर ठेवायचं नाही. साखर आटोक्यात आली नाही तर हे पुन्हा पुन्हा येणार.

जमनाने जुनं लुगडं फाडून पट्ट्या केल्या. दहा दिवसांत लाली ओसरली आणि तिने मलम बंद केलं. महिन्याने दुखणं परत आलं. पुन्हा मलम, पुन्हा आराम, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा गेली तेव्हा विजयाबाईंनी विचारलं, "पट्ट्या उन्हात वाळवता ना?"

"हो," जमना म्हणाली.

धडधडीत खोटं. पट्ट्या ती माळ्यावर, जुन्या जाळ्यांच्या ढिगामागे, अंधारात एकावर एक टाकायची. आळीतल्या बाया महिन्याच्या कापडाच्या चिंध्या तशाच लपवून वाळवत, आणि जमनाही पोरवयापासून तेच करत आलेली. आता तर ती पाळीही तीन वर्षांपूर्वी गेलेली. बावन्नाव्या वर्षी दोरीवर असल्या पट्ट्या दिसल्या तर नलू काय म्हणेल, आळी काय म्हणेल? सकाळी ती माळ्यावरून पट्टी काढायची, ती जराशी गार लागायची, आणि तशीच छातीखाली सरकवायची. बोंबलाच्या पोटातली ओल बोटाने ओळखणाऱ्या बाईला ती ओल कळत नव्हती असं नाही. कळत होती, पण लाज जास्त होती.

आणि त्यात ही नात आलेली. एवढीशी पोर छातीशी धरली तर तिला हे लागेल, ही पहिली भीती. धीर करून तिने विजयाबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, हात धुवा आणि खुशाल घ्या. पण दुसरी भीती बाईंना सांगता येईना. पोरीला परत घेताना हंसाच्या नाकात तो वास जाईल. सुनेला तो वास यावा, यापेक्षा सुनेने आपल्याला वाईट म्हटलेलं बरं, असं जमनाने मनाशी ठरवून टाकलं होतं.

हंसाने म्हटलंही. एका दुपारी जमना बाजारातून लवकर आली तर आतून हंसाचा आवाज. ती नवऱ्याशी, आनंदाशी, बोलत होती.

"मुलगी झाली म्हनून हात लावत नाय त्या. आख्खी आळी बोलते. मी उद्या एडवणला जाते, मंग तुमी ठरवा काय ते."

"आईचं तसं नाय गो," आनंदा म्हणाला.

"मंग कसं हाय? सांगा तुमी."

जमना दाराबाहेर पाटी डोक्यावर घेऊन तशीच उभी राहिली. मुलगी झाली म्हणून! पहिल्या दिवसापासून त्या पोरीच्या वासासाठी तिचा जीव तुटत होता. पण खरं कारण सांगायचं म्हणजे तो वास सांगायचा. ती मागच्या मागे विहिरीवर गेली आणि हात पुन्हा पुन्हा धूत बसली.

इकडे आनंदा बाहेर गेल्यावर हंसा माळ्यावर चढली ती माहेरी न्यायची पेटी काढायला. जाळी बाजूला सारली, तर मागे पट्ट्यांचा ढीग. तिने एक उचलली, नाकाशी नेली आणि तोंड वाकडं केलं. जमना घरात शिरली तेव्हा सून शिडीच्या तळाशी बसली होती आणि मांडीवर त्या पट्ट्या होत्या.

"आई, ह्या कोनाच्या?"

जमनाला वाटलं, धरणी दुभंगावी. तिने चुलीकडे तोंड केलं.

"इतक्या पट्ट्या कशाला लागतात तुमाला? रगत जातं का?" हंसाचा आवाज एकदम घाबरला.

"नाय गो. तसलं काय नाय." आणि चुलीकडे बघत, एकेक शब्द ओढून काढत, जमनाने सगळं सांगितलं. छातीखालचं, जांघेतलं, साखरेचं, विजयाबाईंचं. "वास येतो माजा. पोरीला कशी घेऊ मी?"

दीड महिना हंसाने सासूबद्दल काय काय मनात आणलं होतं, काय काय माहेरी सांगून पाठवलं होतं, ते सगळं आता तिच्या अंगावर येत असावं, कारण तीही खाली मान घालून बसली. मग तिने एक पट्टी बोटांत दाबली.

"ही ओली हाय, आई."

"ठाव हाय."

"मागच्या साली मला काय बोलल्या होत्या तुमी? सगळ्या आळीसमोर?"

जमनाने पट्टी तिच्या हातातून घेतली आणि स्वतःच्या बोटांत दाबून बघितली.

दुसऱ्या सकाळी हंसा एडवणला गेली नाही. तिने पट्ट्या पाण्यात उकळल्या, पिळल्या आणि जमनाच्या हातात दिल्या. "मी टाकल्या तर माज्या वाटतील. तुमीच टाका," एवढंच म्हणाली.

माळा होता, परसू होतं, कुंपण होतं. पण सगळ्यात कडक ऊन वलांडीवर, आणि वलांडी रस्त्याला लागून. जमना गेली. बोंबलांच्या दोऱ्या संपतात तिथे एक दोरी मोकळी होती. तिने एकेक पट्टी झटकून पसरली. कान तापले होते. नलू पलीकडच्या दोरीवर जोड्या टाकत होती, ती थांबली.

"का गो जमना, ह्या कोनाच्या? सुनेच्या?"

हो म्हटलं असतं तर सुटली असती. घरात बाळंतीण, कुणी दुसरा प्रश्न विचारला नसता.

"माज्या हायत," जमना म्हणाली. "अंगाला बुरशी लागलीय. साखरेमुळं."

नलूने तोंडाला पदर लावला. संध्याकाळपर्यंत आळीभर झालं, आणि दोघी-तिघी विहिरीवर हसल्याही. जमनाने ते ऐकलं. घरी येऊन तिने पाय धुतले, लुगडं बदललं, टिपून मलम लावलं आणि कडक वाळलेली पट्टी ठेवली. त्या रात्री ओटीवर का झोपतेस असं दामूने विचारलं तेव्हा तिने त्यालाही सांगितलं. तो म्हणाला, "येवढंच व्हय? मला वाटलं, मीच नको झालो."

यावेळी मलम तिने सोडलं नाही. लाली गेली, खाज गेली, तरी पुढे दोन आठवडे. गोळ्या चुकवल्या नाहीत, भातही कमी केला, जरी भात कमी करताना तिने सगळ्या घराला शिव्या दिल्या. विजयाबाईंनी नळी दिव्यावर धरली, ती हिरव्यावर थांबली. "पावसाळ्यात पुन्हा डोकं वर काढेल," त्या म्हणाल्या. "काढू दे," जमना म्हणाली. "ठाव हाय आता."

शिमग्याच्या आदल्या आठवड्यात ओटीवर पाट मांडला. जमनाने पाय पसरले, हंसाने पोर पायांवर ठेवली. तेल झालं, पाणी झालं, पोर रडून रडून लाल झाली. मग जमनाने सुती फडकं घेतलं. मानेखालची वळी उचलून टिपली. काखा टिपल्या, मांडीच्या घड्या टिपल्या, गुडघ्यामागे टिपलं, आणि मग पुन्हा मानेपासून सुरुवात केली. प्रत्येक ठिकाणी बोट लावून बघत होती.

"झालं ना आता, आई," हंसा म्हणाली. "कोरडी हाय ती."

"थांब गो," जमना म्हणाली, आणि पोरीला उचलून तिने छातीशी धरलं. हंसा शेजारीच बसली होती. तिने पोर परत मागितली नाही. वाकून तिने पोरीच्या केसांचा वास घेतला, अगदी सासूच्या छातीला नाक लागेल इतकी जवळ वाकून, आणि मग जमनाच्या भिजलेल्या मांडीवर कोरडं लुगडं टाकलं.