दिवाळीचा ताळेबंद

"च्यात साखर कमी टाकून राह्यले, अन् व्याज जास्त घेऊन राह्यले," उकंडराव शेजारच्या हिंमतरावांच्या कानाशी पुटपुटले. "या बँकेचं काही खरं नाही."

"मग पिऊन काऊन राह्यले तुम्ही?"

"फुकट आहे म्हणून."

नांदुऱ्याच्या त्या छोट्या सहकारी बँकेत संचालकांची बैठक अशीच सुरू व्हायची. उकंडराव ठेवीदार भाजीवाल्या शेतकऱ्यांच्या वतीनं बसत. हिंमतरावांचं धान्याचं दुकान होतं. अध्यक्ष भगवंतराव टेबलाच्या टोकाशी, भिंतीला पाठ लावून. आणि मॅनेजर नीळकंठराव यांच्या बाजूला, फायलीमागे अर्धी झाकलेली, चारुलता.

चारुलता बुलढाण्याच्या एका मास्तरांची मुलगी. बी.कॉम. झाली आणि बँकेत दोन वर्षांसाठी शिकाऊ म्हणून लागली. बँकेत बाई म्हणजे काय करायचं, हे आधी कोणालाच उमगलं नव्हतं. तिच्यासाठी वेगळा माठ आणला गेला आणि मग सगळे तिला विसरून गेले. हे बरंच झालं. विसरलेल्या माणसाला भरपूर वाचायला मिळतं.

प्रश्न असा होता. कापसाचा हंगाम तोंडावर आला होता. गावातल्या दोन जिनिंग कंपन्यांनी कर्ज मागितलं होतं: हिरामाणिक आणि पूर्णाकाठ. बँकेच्या तिजोरीत एकालाच पुरेल एवढा पैसा होता. ज्याला तो मिळेल, तो शेतकऱ्यांचा कापूस घेईल, सरकी वेगळी काढील, रुईच्या गाठी बांधील, विकील आणि कर्ज फेडील. ज्याला मिळणार नाही, त्याच्या यंत्रांचे पट्टे यंदा बहुधा थांबलेलेच राहतील.

हिरामाणिक म्हणजे भगवंतरावांच्या व्याह्यांची कंपनी. त्यांची शैलजा गेल्या वर्षी त्या घरात गेली. हे टेबलाभोवती प्रत्येकाला ठाऊक होतं आणि प्रत्येक जण ते ठाऊक नसल्यासारखा पंख्याकडे पाहत होता.

"हं, सांगा बाई," नीळकंठराव म्हणाले. "उकंडरावांना समजेल असं सांगा."

"मले सगळं समजते," उकंडराव म्हणाले. "बाकीच्यायले समजलं पाह्यजे."

चारुलता उभी राहिली. आवाज स्वच्छ होता; वडिलांच्या वर्गातून आलेला. "कंपनीला वर्षाच्या आत जे द्यायचं असतं ते एका बाजूला ठेवा. वर्षाच्या आत हाती येऊ शकेल ते दुसऱ्या बाजूला: रोकड, लोकांकडची येणी आणि गोदामातला माल. आता भागाकार करा. पूर्णाकाठचं देणं एक रुपया, तर समोर एक रुपया तीस पैसे आहेत. हिरामाणिकचं देणं एक रुपया, तर समोर दोन रुपये चाळीस पैसे."

"म्हणजे हिरामाणिक दुपटीनं जवळपास भारी," हिंमतराव म्हणाले. "झालं मग. सही कुठं करायची?"

भगवंतराव हसले नाहीत. पण त्यांचे खांदे खाली आले. इतका वेळ ते वर होते, हे तेव्हा कळलं.

"अजून एक ओळ राहिली आहे," चारुलता म्हणाली. "माल किती फिरतो ती. वर्षभरात विकलेल्या मालाची किंमत भागिले गोदामातला माल. पूर्णाकाठचा माल वर्षात दोनदा फिरतो. हिरामाणिकचा चव्वेचाळीस..."

ती थांबली. कागदाकडे पाहत राहिली. बेरीज तिनं तीनदा तपासली होती, भागाकारही. अकरा लाखांना पंचवीस हजारांनी भागलं की चव्वेचाळीस येतात. त्याला कोणी काही करू शकत नाही. पण कापूस काही मेथीची जुडी नव्हे की सकाळी आणली, संध्याकाळी संपली. कापूस येतो तोच पाच महिने.

तिनं ताळेबंदाचं पहिलं पान उलटलं आणि तारीख वाचली. मग दुसऱ्या कंपनीची वाचली.

"माझी चूक झाली," ती म्हणाली. तिनं हे इतक्या सरळ सांगितलं की कोणाला राग आणायला जागा राहिली नाही. "आकडे बरोबर आहेत, तुलना चूक आहे. हिरामाणिक जुन्या रिवाजानं दिवाळीला, लक्ष्मीपूजनाला वह्या बंद करते. तेव्हा हंगाम सुरूही झालेला नसतो. गोदाम रिकामं, उधारी फिटलेली, अंगण झाडून काढलेलं. पूर्णाकाठ एकतीस मार्चला बंद करते, तेव्हा गोदाम गच्च आणि देणंही डोक्यावर. मी एकाला आंघोळ करून आल्यावर पाहिलं आणि दुसऱ्याला नांगर सोडताना."

उकंडराव हसले. हिंमतरावांनी सहीचा पेन खिशात परत ठेवला.

"दोघांना एकाच दिवशी पाहायला हवं," ती म्हणाली. "हिरामाणिकचा मार्चअखेरचा कच्चा ताळेबंद मागवा. तोवर माझा हा कागद धरू नका."

भगवंतरावांनी तिचा कागद बाजूला सारला. मग मॅनेजरांकडे वळून म्हणाले, "मागवा."

बैठक उठल्यावर नीळकंठराव टेबल आवरता आवरता म्हणाले, "तुमची कायम नेमणूक कोणाच्या सहीनं व्हायची, माहीत आहे ना?"

"हो. अध्यक्षांच्या."

"आणि हिरामाणिक कोणाचे?"

"तेही माहीत आहे. पेढे आले होते ना शैलजाताईंच्या लग्नाचे. तुम्हीच मला दोन दिले होते."

नीळकंठराव खोटं बोलणारे नव्हते, पण भित्रे होते. आणि भित्र्या माणसाजवळ थोडी दयाबुद्धी असते. "आकडे तसेच निघाले तर हळू आवाजात सांगा," ते म्हणाले.

"हळू सांगितलं तर उकंडरावांना ऐकू जाणार नाही," चारुलता म्हणाली.

कच्चा ताळेबंद आला. सोबत हिरामाणिकच्या मुनिमांची चिठ्ठी होती, की सावकारांनी आमच्या हुंड्या दोनदा पुढे ढकलून दिल्या, बँकेला असा अविश्वास शोभत नाही. चारुलतानं चिठ्ठी फायलीला लावली आणि आकडे मांडले. मांडून झाल्यावर खुर्चीवर मागे टेकली. शैलजाला तिनं एकदाच पाहिलं होतं, बाजारात, नव्या लुगड्यात, वांगी निवडताना. प्रत्येक वांगं उलटून पाहत होती. ही मुलगी माझ्यासारखीच आहे, असं चारुलताला तेव्हा वाटलं होतं. आता त्या आठवणीनं बरं वाटेना. पण आकडे तिनं बदलले नाहीत. ते तिला सुचलंसुद्धा नाही.

पुढच्या बैठकीला चहा गोड होता. उकंडरावांना त्यामुळे बोलायला काही उरलं नाही.

"दोन्ही कंपन्या, एकतीस मार्च," चारुलतानं सुरुवात केली. "पूर्णाकाठ: एक रुपया देणं, समोर एक रुपया तीस पैसे. हिरामाणिक: एक रुपया देणं, समोर नव्वद पैसे."

कोणी पंख्याकडे पाहिलं नाही. सगळे टेबलाकडे पाहत होते.

"आता समजा, भाव पडला आणि गाठी विकल्याच गेल्या नाहीत. मालाची बाजू काढून टाका. फक्त रोकड आणि येणी धरा. पूर्णाकाठकडे रुपयाला चाळीस पैसे उरतात. तेही फार नाहीत, पण हंगामात जिनिंगवाल्याचं असंच असतं. हिरामाणिककडे साडेसत्तावीस."

"अन् घरचं भांडवल?" उकंडरावांनी विचारलं.

"पूर्णाकाठचा घरचा रुपया एक, तर उसने सव्वा. हिरामाणिकचा घरचा एक, उसने जवळजवळ तीन."

"पण दिवाळीला तर चांगले होते," हिंमतराव म्हणाले. त्यांचा स्वर असा होता, जणू आजारी माणसाविषयी बोलताहेत.

"चांगले होते. खोटं काहीच लिहिलेलं नाही. जानेवारीत त्यांनी तेलाची गिरणी घातली. आपण सगळे उद्घाटनाला गेलो होतो. त्या गिरणीला दोन लाख वीस हजार लागले आणि ते तीन महिन्यांच्या हुंड्यांवर उचलले. गिरणी पैसा परत देणार पाच-सहा वर्षांत, हुंडी मागते तीन महिन्यांत. आंब्याचं झाड लावलं आणि पुढच्या आठवड्याच्या बाजाराला आंबे नेतो म्हणून सांगितलं, तसं झालंय. गिरणी वाईट नाही, पैसा चुकीच्या जागेवरून उचलला."

"आता सप्टेंबर आहे. मार्चचं मार्चबरोबर गेलं," हिंमतराव म्हणाले.

"गाठी विकल्या, ते खरं. पण गिरणीत गेलेला पैसा गाठींबरोबर परत येत नाही. हुंड्या दोनदा पुढे ढकलल्यात, ते मुनिमांनीच लिहिलंय. आपलं कर्ज हातात पडलं की आधी त्या हुंड्या फिटतील. मग कापूस घ्यायला पैसा राहणार नाही आणि आपलं कर्ज फेडायला रुई राहणार नाही."

हिंमतरावांनी सहीचा पेन पुन्हा बाहेर काढला. "मी काय म्हणतो, अर्धं अर्धं केलं तर? दोघायचंही मन राहील."

"मन राहील, पण अर्ध्या पैशात पूर्णाकाठचा हंगाम निघत नाही आणि हिरामाणिकच्या हुंड्या पुऱ्या फिटत नाहीत," चारुलता म्हणाली. "मग दोन कंपन्या अडकतील. आणि ठेवी उकंडरावांच्या लोकांच्या आहेत."

"माह्या लोकायच्या मेथीच्या जुड्या आहेत त्या," उकंडराव म्हणाले, पण नजर वर न उचलता. नीळकंठरावांनी एक कागद सरळ केला. तो आधीच सरळ होता. हिंमतरावांनी दुसरी बैठक कधी घ्यायची ते विचारलं. उकंडरावांनी हिरामाणिकच्या म्हाताऱ्या शेठच्या प्रकृतीची चौकशी केली. कोणी म्हणालं, अजून पंधरा दिवस थांबलं तर काय बिघडते.

"कापूस थांबत नाही," चारुलता म्हणाली. "बोंडं फुटायला लागलीत."

"मग तुम्हीच सांगा, काय करायचं ते," हिंमतराव वैतागून म्हणाले.

"काय दिसतं ते मी सांगितलं. काय करायचं ते ठरवायला तुम्ही आहात. मी शिकाऊ आहे." ती खाली बसली. ती माघार नव्हती. तिचं काम झालं होतं.

आता सगळ्यांच्या नजरा फिरत फिरत एकाच जागी यायच्या आणि तिथून घाईनं निघून जायच्या. भगवंतरावांनी तिचा कागद आपल्याकडे ओढला, चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, बोटानं, सावकाश वाचला. नव्वद पैशांवर बोट थांबलं. सकाळी शैलजा माहेरी आली होती. आईशी चुलीपाशी बसून बोलली होती, आणि बाप ओसरीवर दिसल्यावर दोघी गप्प झाल्या होत्या.

त्यांनी चष्मा काढला.

"पोरी, तू हे कोणाच्या सांगण्यावरून नाही केलं ना?"

"नाही, काका."

"मले माहीत आहे. तरी विचारलं."

त्यांनी कागद टेबलाच्या मधोमध, सगळ्यांना दिसेल असा ठेवला.

"तुम्ही कोणी बोलत नाही, कारण तिथं माही लेक नांदते," भगवंतराव म्हणाले. "मग मीच बोलतो. माह्या व्याह्याची कंपनी हे कर्ज फेडू शकत नाही."