जिन्याखालचं बेसिन

"पावडर लावायला वेगळी खोली कशाला? आरशापुढं उभी राहून लावते की मी," आक्का गाडीत माझ्या कानाशी पुटपुटल्या. आक्का म्हणजे माझ्या सासूबाई, मालुबाई. जिन्याखाली आम्ही संडास करत होतो. त्याला 'पावडर रूम' म्हणायचं आणि "पाहुण्यांसाठी" म्हणायचं, हे माझ्या नवऱ्याचं, नागेंद्रचं ठरलेलं. आक्का आताशा दुपारनंतर पाणीच पीत नव्हत्या. घरातला संडास वर होता आणि मध्ये जिना होता. पण खालचा संडास त्यांच्यासाठीच, हे त्यांच्यासमोर कोण बोलणार?

निपाणीत आण्णाप्पांच्या नळ-बेसिनच्या दुकानात कॅटलॉगआधी खडू निघतो. त्यांनी फरशीवर आमची खोली आखली. रुंदी जेमतेम पावणेतीन फूट. टोकाला नमुन्याचा कमोड ठेवला आणि नागेंद्रला दार म्हणून उभं केलं.

"बाहेर उघड रं, आत न्हाय," आक्का म्हणाल्या. नागेंद्र निमूटपणे बाहेर उघडला.

आक्कांना ओट्यावरचं वाडग्यासारखं बेसिन आवडलं. आण्णाप्पांनी ओटा म्हणून दीड फूट रुंद फळी भिंतीच्या रेघेला लावली. आक्का आत शिरल्या आणि पदरासकट अडकल्या.

"आडवं चालायचं व्हय मी? खेकडा हाय का?"

पायावरचं बेसिन आलं. त्याच्या खांबाला आक्कांच्या निऱ्या अडल्या. मग अर्धं ओट्यात, अर्धं बाहेर असलेलं. ओटा अरुंद, म्हणून जरा बरं. पण बेसिनचं पोट पुढं यायचंच. शेवटी भिंतीवरचं छोटं, फूटभर पुढं येणारं. खाली सगळी जागा मोकळी. आक्का ऐटीत चालत गेल्या आणि कमोडवर जाऊन बसल्या. दुकानातलं गिऱ्हाईकही हसलं.

"झालं. हेच," आण्णाप्पा म्हणाले.

आक्का उठायला गेल्या. हात सवयीनं बेसिनकडं गेला, आणि आम्ही तिघं एकदम त्यांच्याकडं धावलो. दारसुद्धा.

"तुमची बेसिनकडची भिंत अर्ध्या विटेची," आण्णाप्पा हळूच म्हणाले. "हात धुवायला ठीक. भार टाकला तर उपटून येईल."

"मग अर्धं ओट्यातलंच घेऊ," नागेंद्र घाईनं म्हणाला. "ओटा दिसायला बरा. पाहुण्यांना."

"ओटा पण धरून उठायला नसतोय," आण्णाप्पा म्हणाले आणि छताकडं बघू लागले. मी एका नळाची तोटी उगाच फिरवून बघितली. त्याला पाणी नव्हतं.

आक्का अजून कमोडवरच. आमच्या तिघांची तोंडं पाळीपाळीनं बघून त्या हसायला लागल्या. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"कुठलं पाहुणं आणि कुठली पावडर रं," त्या म्हणाल्या. "हेच भितीवरचं बसवा, आणि बाजूच्या जाड भितीला धरून उठाय एक दांडा. माझं गुडघं गेल्यात. मला जिना चढवत न्हाय."