जावईबापूंचा रकाना

मामांच्या पाइपपुरवठ्याच्या ऑफिसात त्यांच्या जावईबापूंना काहीतरी काम द्यायला हवं होतं, म्हणून डिपॉझिटांचा संगणकावरचा तक्ता त्यांच्याकडे गेला. प्रत्येक टेंडरमधून बयाणा रक्कम किती, ती परत कधी मिळणार आणि जप्त कशामुळे होणार एवढंच वाचून भरायचं. जावईबापूंनी वाचण्याचा भाग वगळला. रक्कम तेवढी बदलायची आणि बाकीची ओळ वरून खाली ओढायची. जप्तीच्या रकान्यात तर सगळीकडे एकच शब्द होता: ‘नेहमीप्रमाणे’.

सोमवारी ते मामांच्या टेबलावर टेकून म्हणाले, “पाणीपुरवठ्याच्या टेंडरची मुदत संपली, मामा. आपला नंबर दुसरा. निविदा मागे घेतो आणि बारा लाख परत मागतो. नव्या टेंडरला तेच वापरू.”

मामा खुलले. मी, मामांची भाची, तिथेच कामाला होते; मी मात्र मूळ कागद काढले. छापील सर्वसाधारण अटींत निविदेची वैधता नव्वद दिवस होती. मागे जोडलेल्या विशेष अटींत एकशे वीस, आणि दोन्हींत फरक असेल तर विशेष अटी ग्राह्य, असंही तिथेच लिहिलेलं. वैधता संपायला अजून तीन आठवडे होते. त्याआधी निविदा मागे घेतली की रक्कम जप्त. गप्प बसलं, तर पहिल्या नंबरवाल्याशी करार होताच ती आपसूक परत.

“मामा, मागे घेतल्याचं पत्र गेलं तर बारा लाख गेले,” मी पान पुढे केलं.

जावईबापूंनी पानाकडे पाहिलंही नाही. “ताई, तू रसायनशास्त्र शिकलीस ना? मग परीक्षानळ्या धू. टेंडरं सगळी सारखीच असतात.”

“सारखीच असती तर दरवेळी नवीन का छापली असती?”

“बघा मामा, हिला किती बोलता येतं! तुमचा डिजिटल सहीचा पेनड्राइव्ह द्या, पत्र पोर्टलवर आत्ताच टाकतो.”

मामांनी पान वाचलं. दोनदा. मग जावयाकडे पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर ते लाचार हसू आलं, जे लेकीच्या लग्नापासून या माणसासाठी राखून ठेवलेलं होतं.

“पेनड्राइव्ह घरी राहिला हो.”

तो त्यांच्या शर्टाच्या खिशात होता. कापडातून दिसतही होता. बघण्याची सवय असती, तर जावईबापूंनाही दिसला असता.

“काय हे मामा! असं कसं चालेल?” असं म्हणून, ऑफिसला शिस्त नसल्याचं सगळ्यांना ऐकवत, ते चहाला गेले.

दार लागल्यावर मामा हळूच म्हणाले, “नव्या टेंडरला रोख रकमेऐवजी बँक गॅरंटी काढू. तू ओळ दुरुस्त कर. त्याला सांगू नकोस, लेक माझी त्याच्या घरात आहे.”

“आणि बाकीच्या ओळी?”

“किती आहेत?”

“एकतीस.”

मामांनी डोळे मिटले. “त्याही कर. पण ‘तपासलं’च्या रकान्यात त्याचंच नाव राहू दे.”

मी पहिल्या टेंडरच्या विशेष अटी उघडल्या.