ओल्या आभाळावर अंगठा

दोन्ही वाट्या अजून ओसरीत तशाच पडल्यात, रंगाच्या पाण्याच्या. विसळायला उठवत नाही. आमचे हे मागच्या अंगणात निंबाखाली पाठ करून बसलेत. बसू देत. आज त्यांच्याशी बोलायला गेले तर माझ्या तोंडून काय बाहेर पडेल, माझा मलाच भरवसा नाही.

हे म्हणजे नवल मास्तर. नंदुरबारच्या शाळेत ड्रॉईंग शिकवतात. मुलांच्या शाळेत सुपडीला कोण बसू देणार, म्हणून ती आमच्या ओसरीवर शिकायला येते. भिला पाटलांची लेक ती, त्यांच्या बोलीत आंडेर, तापीकाठच्या गावची. लग्न झालं आणि वर्षाच्या आत नवरा तापानं गेला. आखाजीला माहेरी आलीय. सण झाला की सासरची गाडी न्यायला येणार, आणि तिथं गेली की जन्मभर शेण आणि जातं. त्यातून सुटायची एकच वाट होती. धुळ्याला ड्रॉईंगची परीक्षा द्यायची आणि मुलींच्या शाळेत मास्तरीण व्हायचं. पाटील म्हणाले होते, "मन्हा डोयासमोर एक चित्र दखाडा. हात चांगला व्हई ते धाडसू. नही ते सासरले." ते आज दुपारी यायचे होते.

चित्र कसलं, तर सूर्य मावळतानाचं आभाळ. तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठं? अहो, सगळ्यात अवघड तेच. ह्यांचं रोजचं पालुपद ऐकून मला पाठ झालंय. पिवळा आणि निळा भिडले की हिरवट, नारिंगीवर निळा चढला की चिखल. निळ्याला पिवळ्याच्या दारात जाऊ द्यायचं नाही, मधे गुलाबी उभी करायची. एका वाटीत कुंचला धुवायचा, दुसऱ्या वाटीतलं पाणी रंगाला, ते कधी नासवायचं नाही. आणि कागद अर्धवट ओला असेल तर हात बगलेत! "चकाकी गेली म्हणजे वाळलं असं नाही," हे पोरांवर ओरडतात, "हाताची पालथी बाजू जवळ न्या. गार लागलं तर ओलं आहे, गाढवांनो!"

सुपडीनं हे सगळं पाळलं. दुपारच्या तोंडावर तिनं आभाळ काढलं तेव्हा मी हातातलं पीठ तसंच ठेवून बघायला आले. खाली पिवळं, त्यावर गुलाबी, दोघं एकमेकांत विरून नारिंगी झालेले, आणि वर निळं, खाली येता येता नाहीसं झालेलं. कुठं जोड दिसत नव्हता. चित्र फळीसकट ओसरीत वाळायला ठेवलं, हात घासून धुतले आणि माझ्याबरोबर सांजोऱ्या लाटायला आत आली. पहिल्यांदाच तिला गुणगुणताना ऐकलं.

मी तूप घ्यायला उठले तर ओसरीत हे फळीवर वाकलेले. हातात निळ्यानं भरलेला कुंचला. म्हटलं, "अहो, काय करताय?"

"एक ढग हवा. सूर्याजवळ. त्याशिवाय उठाव येत नाही."

"वाळलंय का पण?"

"तू मला शिकवू नको."

टेकवला कुंचला. खालची नारिंगी उठली, निळ्यात मिसळली, आणि बघता बघता सूर्याभोवती तपकिरी डाग पसरला. थांबायचं ना तिथंच? नाही. यांनी ते पुसायला अंगठा घातला. एकदा, दोनदा. डाग आणखी मोठा झाला. सगळ्या तालुक्याला शिकवणारा माणूस तो! आणि तेवढ्यात बाहेर बैलांच्या घुंगरांचा आवाज आला.

पाटील आत आले, फळीपुढं उभे राहिले. बराच वेळ बघत होते. "हाई काय? आभाय शे का गढूळ पानी?"

सुपडी पदराला हात पुसत बाहेर आली आणि चित्र बघून जागच्या जागी थांबली.

आता हे बोलतील, मला वाटलं. बोलले. काय बोलले? "पोरीनं घाई केली, पाटील. ओल्यावर हात चालवला. मी किती सांगतो, पण ही पोरं ऐकत नाहीत."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. सुपडीनं आधी त्यांच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी दारातच होते. मी सगळं पाहिलं होतं. आणि मी काय केलं? नवऱ्याची अब्रू म्हणून मान खाली घातली. तिनं बिचारीनं पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरली आणि म्हणाली, "चुकनं मन्हं."

पाटील वळले. सुपडी घाईनं म्हणाली, "बा, परत एक डाव काढू का?"

पाटलांनी चित्राकडं पुन्हा पाहिलं. "काढ. बैल पानी पीथीन तवलोंग मी बठस."

मी दोन्ही वाट्या घासून स्वच्छ पाणी आणलं. तेवढंच माझ्या हातून झालं. तिनं नवा कागद ओला करून फळीवर ताणला. पिवळा अगदी पातळ, खालच्या अंगाला. त्याच्या डोक्यावर गुलाबी, ओल्यात ओलं. मग फळी बाहेर उन्हात नेऊन ठेवली. वैशाखाचं ऊन, पण तिनं घाई केली नाही. पालथा हात जवळ नेला, थांबली, पुन्हा नेला. गार लागेना तेव्हाच वरचा भाग नुसत्या पाण्यानं हलकेच भिजवला आणि फळी वरची बाजू खाली करून धरून निळा लावला, म्हणजे तो ओघळून आभाळाच्या माथ्याकडंच जाईल, पिवळ्याकडं नाही. एकदा फिरवलेला कुंचला तिनं परत फिरवला नाही.

फळी सुलटी केली. आभाळ लख्ख होतं.

आणि बाई गं, यांचा हात परत पुढं आला! सवयच ती. "इथं जरासा..."

सुपडीनं फळी हळूच स्वतःकडं ओढली. "मास्तर, वल्लं शे."

पाटील उठले. "धुयाले जाशी," लेकीला एवढंच म्हणाले. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, चित्रावर पडू नये म्हणून ती बाजूला झाली.

तेव्हा यांचा घसा मोकळा झाला. सगळं निभावल्यावर! "पाटील," हे म्हणाले, "ते पहिलं चित्र... ते माझ्या हातून बिघडलं."

पाटलांनी पहिला कागद उचलला आणि त्यातल्या चिखलावर बोट ठेवलं. रुंद अंगठ्याचा ठसा, रेघ न् रेघ उमटलेली. "माले ठाऊक शे. हाऊ आंगठा मन्ही आंडेरना नही. मी आठे बशीसन वाट दखी ऱ्हायंतू, तुम्ही कव्हय बोलशात."

यांनी अंगठा मुठीत लपवला. अजून तपकिरीच होता तो.

निघताना सुपडी पाया पडायला वाकली. यांनी पाय मागं घेतले, भिंतीपर्यंत सरकले. पण ती हटली नाही, भिंतीशी जाऊन तिनं पायांवर डोकं ठेवलंच. मग माझ्याकडं आली. पोरगी पाया पडायला वाकते, तर "सुखी राहा" एवढं तरी तोंडातून यावं की नाही? नाही आलं. मला तिथं पाटलांनी काही विचारलं नव्हतं आणि तिनंही नाही. म्हणून काय मी सुटले? तिनं वर बघितलं आणि हळू आवाजात म्हणाली, "काकू, पानी एकदम निर्मळ व्हतं."

तेव्हापासून या वाट्यांना हात लावायला होत नाही.